एका ओळीची मागणी आणि न दिसणारे अंदाज

"आमच्या प्रॉडक्टसाठी एक छान डिस्क्रिप्शन लिहून द्या." मजकूर लिहिण्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हा निरोप आलेला असतो. वस्तू कोणती, ती घेणार कोण, विकली कुठे जाणार, यातलं काहीच त्यात नसतं. या निरोपावरून लेखकांमध्ये जो वाद चालतो, तो मला चुकीच्या जागी अडकलेला वाटतो. एक गट म्हणतो, अशा गिऱ्हाइकाला सरळ परत पाठवा, ज्याला आपल्या मालाबद्दल चार शब्द सांगता येत नाहीत त्याचं काम घेऊ नये. दुसरा म्हणतो, एवढ्यावरून लिहिता येत नसेल तर व्यावसायिक कसले, कसबी माणूस नुसत्या नावावरून पानभर लिहितो. आळशी कोण, गिऱ्हाईक की लेखक, एवढ्यावरच दोघं भांडत राहतात. खरा प्रश्न वेगळा आहे. त्या निरोपात ज्या जागा रिकाम्या आहेत त्या कुणीतरी भरणारच. त्या कोण भरतो, आणि भरलेल्या जागा नंतर कुणाला ओळखू येतात का? माझं म्हणणं असं, की लेखकाने काम नाकारू नये आणि गुपचूप लिहूनही टाकू नये. त्याने मोजके प्रश्न विचारावेत. उत्तरं येईपर्यंत काही लिहून द्यावंच लागलं, तर आपण कुठे अंदाज केला आहे ते उघड दाखवून द्यावं.

गुपचूप भरलेल्या जागा कशा असतात ते पाहू. "उत्तम दर्जाचं साहित्य, आकर्षक डिझाइन आणि दीर्घकाळ टिकणारी बनावट यांमुळे हे उत्पादन तुमच्या रोजच्या जीवनात सोय आणि सौंदर्य दोन्ही आणतं." व्याकरणात खोट नाही, वाचायला अडत नाही. पण यात 'उत्पादन' काढून खुर्ची घाला, चष्म्याची फ्रेम घाला, नळाची तोटी घाला. वाक्य जसंच्या तसं उभं राहतं. जे वर्णन कुठल्याही वस्तूला चालतं, त्याने कुठल्याच वस्तूचं वर्णन केलेलं नसतं. दुकानात माणूस वस्तू हातात घेतो, वजन बघतो, झाकण उघडून पाहतो. पडद्यावर यातलं काही करता येत नाही, म्हणून तर वर्णन लागतं. तिथे 'आकर्षक' हा शब्द फोटोने आधीच सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगतो, आणि फोटो जे सांगू शकत नाही त्याबद्दल गप्प बसतो. नेमकं तेच न कळल्यामुळे एक तर वस्तू घेतली जात नाही, किंवा घेतली जाते आणि परत येते. विक्रेत्याला दुसरा प्रकार जास्त महाग पडतो, कारण पाठवणी, परतीचा खर्च आणि वाईट अभिप्राय ही तिन्ही ओझी एकदम अंगावर येतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जातो. समजा वरच्या निरोपाला आपण विचारलं, "वस्तू कोणती?" आणि उत्तर आलं, "स्टीलची पाण्याची बाटली, थर्मॉससारखी." बऱ्याच लेखकांना इथेच पुरेसं मिळाल्यासारखं वाटतं आणि हात चालू लागतो: गंजरोधक, गळतीरोधक, चोवीस तास थंड, बारा तास गरम. या चार शब्दांपैकी गिऱ्हाइकाने एकही सांगितलेला नाही. अशा बाटल्यांची वर्णनं तशीच असतात म्हणून ते सवयीने आले. आता एकेक तपासू. 'गंजरोधक' किती, हे स्टीलच्या ग्रेडवर ठरतं. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून बाटलीवर कधी कधी १८/८ असं कोरलेलं असतं. २०१ ग्रेडमध्ये निकेल कमी करून त्याजागी मँगेनीज वाढवलेलं असतं. ते स्वस्त पडतं, पण मीठ आणि ओल यांपुढे लवकर डागाळतं. लोहचुंबक लावून हा फरक कळतो अशी समजूत आहे, ती चुकीची. दोन्ही प्रकारांना चुंबक सहसा चिकटत नाही, किंवा वाकवलेल्या-ओढलेल्या जागी दोन्हींना थोडाफार चिकटतो. मग लेखकाला ग्रेड कळणार कुठून? कारखान्याच्या कागदावरून किंवा विक्रेत्याकडून. दुसरा रस्ता नाही.

'चोवीस तास थंड' याचं तर त्याहून अवघड आहे. पाणी भरताना त्याचं तापमान किती होतं, बर्फ घातला होता का, बाटली काठोकाठ भरली होती की अर्धी, बाहेर ऊन होतं की सावली, आणि किती अंशांपर्यंत 'थंड' म्हणायचं? हे सांगितल्याशिवाय तासांच्या आकड्याला काही अर्थच राहत नाही. मुळात बाटलीच्या दोन भिंतींमधली पोकळी निर्वात आहे का, की भिंती दोन आहेत पण मध्ये साधी हवा आहे? दोन्ही बाटल्या फोटोत सारख्याच दिसतात. हे ओळखायची साधी पद्धत आहे. बाटलीत उकळतं पाणी भरायचं, झाकण लावायचं, काही मिनिटं थांबायचं आणि बाहेरच्या भिंतीला हात लावायचा. गळ्याजवळ, जिथे दोन भिंती एकमेकींना जोडलेल्या असतात, तिथे थोडी ऊब लागेल. पण पोटाचा भाग गरम झाला असेल तर निर्वात पोकळी नाही, किंवा होती ती गेली आहे. विक्रेत्याला हे करायला सांगायला एक मिनिट लागतं. त्याचं उत्तर आलं की वर्णनातलं सगळ्यात मोठं वाक्य खरं ठरतं किंवा गळून पडतं.

आता प्रतिपक्षाचे मुद्दे घेतो, कारण त्यांत दम आहे. पहिला मुद्दा असा: गिऱ्हाईक एका ओळीत मागतं, कारण काय सांगायचं ते त्याला माहीत नसतं. ते माहीत असतं तर तो लेखकाकडे कशाला आला असता? हे मला पूर्ण मान्य आहे. काम नाकारणाऱ्यांची चूक इथेच होते. ते माहितीच्या अभावाला अनास्था समजतात. विक्रेत्याने ती बाटली शेकडो वेळा हाताळलेली असते. तिचं तोंड किती रुंद आहे हे त्याच्या दृष्टीने सांगण्यासारखंच नसतं, ते त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. पण म्हणून निष्कर्ष 'मग आपणच कल्पना करा' असा कसा निघतो? निघतो तो उलटा: मग आपणच विचारा.

जाहिरातीच्या इतिहासात याचा एक चांगला दाखला आहे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकी जाहिरात-लेखकाकडे श्लिट्झ या बिअर कंपनीचं काम आलं, तेव्हा सगळ्याच बिअर कंपन्या 'शुद्ध' हा एकच शब्द मोठमोठ्या अक्षरांत छापत होत्या. हॉपकिन्स टेबलाशी बसून 'शुद्ध'साठी आणखी चांगला शब्द शोधत बसला नाही. तो कारखान्यात गेला. तिथे त्याने काचेच्या खोल्यांत गाळलेल्या हवेत बिअर थंड होताना पाहिली, लाकडाच्या लगद्यातून होणारं गाळण पाहिलं, खोल विहिरी पाहिल्या, पुन्हा पुन्हा धुतल्या जाणाऱ्या बाटल्या पाहिल्या. हे सगळं लोकांना का सांगत नाही, असं त्याने विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं की यात आमचं वेगळं काही नाही, चांगली बिअर बनवणारे सगळेच असं करतात. हॉपकिन्सचं म्हणणं पडलं की करत असतील, पण सांगितलं कुणीच नाही. त्याने तेच लिहिलं आणि कंपनीचा खप जोरात वाढला. मालकाला आपल्याकडे काय सांगण्यासारखं आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणजेच तोही 'एक छान जाहिरात लिहा' म्हणणाऱ्यांपैकीच होता. फरक पडला तो समोरच्याने प्रश्न विचारले आणि उत्तरं डोळ्यांनी पाहिली म्हणून.

दुसरा मुद्दा पैशांचा आणि वेळेचा. एका वर्णनाला मिळतं ते थोडकं. त्यासाठी चाळीस प्रश्नांचा फॉर्म पाठवणं, उत्तरांची वाट पाहणं, पुन्हा विचारणं हे परवडत नाही. लेखकाला परवडत नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही. हेही खरं आहे. लांबलचक फॉर्म हा सभ्य शब्दांत दिलेला नकारच असतो. त्यात 'तुमच्या ब्रँडचं व्यक्तिमत्त्व तीन शब्दांत सांगा' असा प्रश्न आला की विक्रेता कंटाळून दुसरीकडे जातो, आणि जातो ते योग्यच करतो. पण चाळीस प्रश्न आणि शून्य प्रश्न यांच्यामध्ये भरपूर जागा आहे. मी तीनच विचारतो, आणि तिन्ही अशा बेताने की उत्तर फोनवरून पाठवता यावं. वस्तूचा आणि तिच्यासोबतच्या खोक्याचा-लेबलचा फोटो पाठवा. आजवर घेणाऱ्यांनी घेण्याआधी काय विचारलं, आणि घेतल्यावर कशाबद्दल तक्रार केली? हा मजकूर नेमका कुठे टाकणार आहात?

पहिल्या प्रश्नाने वस्तूची मोजता येण्यासारखी बाजू येते. लेबलवर क्षमता, साहित्य, निर्माता, जपणुकीच्या सूचना हे बहुधा छापलेलंच असतं, विक्रेत्याला वेगळं लिहावं लागत नाही. दुसऱ्या प्रश्नात मी 'तुमचा ग्राहक कोण' असं मुद्दाम विचारत नाही. त्याला हमखास उत्तर येतं, 'सगळेच'. पण 'लोक काय विचारतात' म्हटलं की आपोआप माणूस दिसू लागतो. बाटलीच्या बाबतीत उत्तर आलं, "गाडीच्या कपहोल्डरमध्ये बसेल का, बर्फाचे तुकडे आत जातात का, आतून कशी धुवायची," तर घेणारा प्रवास करणारा मोठा माणूस आहे. मग मजकुरात बाहेरचा व्यास आणि तोंडाची रुंदी आधी यायला हवी. उलट उत्तर आलं, "मुलाला झाकण स्वतः उघडता येईल का, दप्तरात आडवी पडली तर गळेल का, रिकामी किती जड आहे," तर घेणारे आईवडील आहेत. त्यांना चोवीस तासांशी घेणंदेणं नाही, त्यांना झाकणाची फिरकी आणि सिलिकॉनची रिंग यांबद्दल ऐकायचं आहे. बाटली तीच, पण वर्णनं दोन होतात आणि दोन्ही खरी असतात. आधीच्या त्या 'सोय आणि सौंदर्य'वाल्या वाक्यात ही दोन्ही माणसं कुठे होती?

तिसरा प्रश्न बरेच जण तांत्रिक म्हणून शेवटी ढकलतात, तो खरं तर लिखाणाचा आकारच ठरवतो. ईबेवर शीर्षकाला ८० अक्षरं मिळतात, एट्सीवर १४०, गूगलच्या खरेदी-यादीत १५०. या मोजणीत अक्षर म्हणजे टंकलेलं एकेक चिन्ह, रिकामी जागाही धरून. देवनागरीत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे मराठी शीर्षक डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा लवकर संपतं. ८० अक्षरांत 'प्रीमियम' आणि 'स्टायलिश' घातलं की क्षमता, साहित्य आणि रंग यांतलं काहीतरी बाहेर पडतं, आणि लोक शोधतात ते नेमके हेच शब्द. दुकानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मात्र शीर्षकाने सगळं पेलायची गरज नसते, तिथे खाली मोजमापांचा तक्ता देता येतो. मेसेजमधून विकत असाल तर तक्ता मोडून पडतो, आणि पहिल्या दोन ओळींत जे नाही ते वाचलंच जात नाही. कुठे टाकायचं हे माहीत नसताना लिहिलेला मजकूर या तिन्ही जागी थोडा थोडा चुकतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात बळकट वाटतो, म्हणून त्याला जास्त जागा देतो. अनुभवी लेखक म्हणतात, प्रश्नांनी माहिती येत नाही, चुकीच्या मसुद्याने येते. रिकाम्या फॉर्मपुढे विक्रेता गप्प बसतो, पण 'झाकणाला कॅरी-लूप आहे' असं खोटं लिहून दाखवा, तो लगेच म्हणतो, "नाही हो, लूप नाही, पट्टा आहे, आणि तो काढता येतो." माणसाला सांगण्यापेक्षा दुरुस्त करणं सोपं जातं, हे कामात वारंवार दिसतं. तेव्हा आधी लिहा, मग विचारा. या पद्धतीशी माझा वाद नाही, एका अटीवर: अंदाज अंदाज म्हणून दिसला पाहिजे. लूपची चूक पकडली गेली, कारण ती डोळ्यांना दिसणारी होती. 'चोवीस तास थंड' हे विक्रेता दुरुस्त करेल का? त्याने कधी मोजलेलं नसतं. शेजारच्या विक्रेत्याच्या पानावर तेच लिहिलेलं असतं, वाक्य गुळगुळीत असतं, आणि काम तातडीचं असतं. तो म्हणतो "छान", आणि मजकूर तसाच चढवतो. लेखकाला वाटतं विक्रेत्याने तपासलं, विक्रेत्याला वाटतं लेखकाला माहीत असेल. त्या वाक्याची जबाबदारी घेणारा कुणीच उरत नाही, पण ते वाचून पैसे देणारा मात्र असतो.

आणि असं वाक्य केवळ शोभेचं राहत नाही. १८९२ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयासमोर कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीचा खटला आला. आमचं उपकरण सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीनदा दोन आठवडे वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड देऊ, असं कंपनीने छापलं होतं. त्याची खात्री म्हणून १००० पौंड बँकेत ठेवल्याचंही छापलं होतं. श्रीमती कार्लिल यांनी उपकरण तसं वापरलं, त्यांना आजार झाला, त्यांनी पैसे मागितले. हा जाहिरातीतला नुसता फुगवटा होता, तो गंभीरपणे घ्यायचा नसतो, असा कंपनीचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला आणि पैसे द्यायला लावले. आकडा, मुदत आणि अट इतक्या नेमकेपणाने छापल्यावर वाचणारा त्यावर विसंबणारच. मी हा खटला लेखकांना आठवण म्हणून सांगतो. 'सुंदर' म्हणालात तर कुणी दारात येत नाही, पण मनाने घातलेला आकडा हे दुसऱ्याच्या नावावर दिलेलं वचन होतं. आणि ते पाळायची वेळ येते तेव्हा लेखक तिथे नसतो.

यावर कुणी म्हणेल, मग विशेषणंच लिहावीत, त्यात निदान धोका नाही. म्हणजे पुन्हा त्या पहिल्या वाक्याकडे. धोका टाळायचा मार्ग तो नव्हे. मसुदा पुढच्यासारखा द्यावा: "७५० मिलि. क्षमतेची स्टीलची बाटली (फोटोतल्या लेबलवरून). स्टीलचा ग्रेड: कारखान्याकडून कळवा, न कळल्यास हे वाक्य काढतो. दुहेरी भिंत, निर्वात आहे का, उकळत्या पाण्याने पाहून सांगा. तोंडाचा व्यास: मोजपट्टी लावून मिलिमीटरमध्ये लिहा. फ्रीझर आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये." यातली शेवटची ओळ विचारल्याशिवाय लिहिता येते. मायक्रोवेव्हमध्ये धातूची बाटली चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बंद बाटलीत गोठणारं पाणी फुगून आतली भिंत वाकवू शकतं. लेखकाचं ज्ञान वापरायची जागा ही आहे. वस्तूच्या जातीबद्दल जे खात्रीने खरं आहे ते त्याने स्वतः लिहावं. या एका वस्तूबद्दल जे खरं असेल किंवा नसेल, त्याची जागा मोकळी ठेवून दाखवावी. सगळ्या रिकाम्या जागांना एकाच मापाने मोजल्यामुळे एक गट काहीच लिहीत नाही आणि दुसरा सगळंच लिहून मोकळा होतो.

असा मसुदा हातात पडला की विक्रेता काय करतो? बहुतेक वेळा मोजपट्टी काढतो. रिकाम्या फॉर्मचा त्याला कंटाळा येतो, पण जवळजवळ पूर्ण झालेल्या मजकुरातल्या तीन मोकळ्या जागा भरणं त्याला हातावेगळं करण्यासारखं काम वाटतं. चुकीच्या मसुद्यातली ताकद इथेही मिळते, फक्त चूक न करता मिळते. या पद्धतीने काम संथ होतं असंही मला दिसलेलं नाही. उलट पुढच्या दुरुस्त्यांच्या फेऱ्या कमी होतात, कारण 'आणखी आकर्षक करा' हा शेरा मुख्यतः तिथे येतो जिथे मजकुरात धरायला काही नसतं.

कधी कधी मात्र उत्तर येतं, "एवढं कशाला, तुम्हीच काहीतरी टाका." तेव्हाही मी लिहून देतो, पण फोटोत जे दिसतं आणि लेबलवर जे छापलं आहे तेवढंच: क्षमता, रंग, झाकणाचा प्रकार, पट्टा आहे की नाही, जपणुकीच्या सूचना. पाच-सहा ओळींचं वर्णन होतं. त्यात तास नसतात, ग्रेड नसतो, 'गळतीरोधक' नसतं. सोबत एका ओळीत कळवतो की या तीन गोष्टी न मिळाल्याने घातलेल्या नाहीत, मिळाल्या की त्याच दरात घालून देईन. त्या ओळीनंतर कुणी स्वतःच्या हाताने 'चोवीस तास थंड' लिहून चढवलं, तर निदान ते कुणी लिहिलं हे दोघांनाही माहीत असतं.